अडीच मिनिटांचा गडी

त्याचं आयुष्य अडीच मिनिटांचं. अंगानं किरकोळ, कागदावर उतरवला तर दीड पान. बोलतो मात्र पाच जणांच्या तोंडून, आणि ज्याच्याशी बोलतो तो माणूस समोर खुर्चीवर हार घालून बसलेला असतो, काही उत्तर देऊ शकत नाही. आमच्या तहसील कचेरीतले अभिलेखपाल, म्हणजे रेकॉर्ड रूमचे नाना, सेवानिवृत्त होणार होते. त्यांच्यासाठी व्हिडिओत बोलायचा निरोपाचा मसुदा, तो हा गडी.

याच्या जातीचे मसुदे सरकारी कचेऱ्यांत मे महिन्यात भराभर जन्माला येतात. त्याचं कारण उन्हाळा नाही, १ जून आहे. एका पिढीच्या आईबापांना मुलाची जन्मतारीख सांगता येत नव्हती. ‘जोंधळा कापणीला आला होता तेव्हाचा’ एवढीच माहिती. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून लिहून टाकलं. राज्य सरकारच्या बहुतेक नोकऱ्यांत अठ्ठावन्न वर्षं पूर्ण होतात त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी माणूस निवृत्त होतो, आणि जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा असेल तर त्याच्या आधल्या महिन्याच्या अखेरीस. म्हणून १ जूनवाले सगळे ३१ मे रोजी एकदम घरी जातात. नानांचा जन्म कागदावर १ जून १९६७ चा. ३१ मे २०२५ ला शनिवार होता, आणि २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आल्यामुळे शनिवारी कचेरी बंद. म्हणजे कार्यक्रम शुक्रवारी, ३० तारखेला. बदली होऊन गेलेल्यांपैकी निम्म्यांच्या नव्या कचेरीत त्याच दिवशी, त्याच वेळी दुसरं कुणीतरी निवृत्त होणार होतं. येता येणार नाही, पण दोन शब्द बोलायचेत, असे निरोप यायला लागले आणि ‘आपण व्हिडिओ करू’ हा ठराव झाला. दिवाळी अंकांत कधीमधी माझं काही छापून येतं, एवढ्या अपराधावर लिहायचं काम माझ्याकडे आलं.

गडी पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याला हातपाय नव्हते. ग्रुपवर टाकलेल्या ओळी कुणीतरी एका खाली एक चिकटवून मला पाठवल्या होत्या. त्या अशा होत्या: मनमिळाऊ व हसतमुख स्वभाव. कर्तव्यदक्ष. मोडी वाचतात. छत गळालं तेव्हा खूप मदत केली. शेंगदाण्याची चटणी!!! खुर्दचा फेरफार शोधून दिला. कुणबी नोंदींच्या वेळी शेकडो नोंदी काढल्या. साहेबांनासुद्धा नाही म्हणाले. पदोन्नती नाकारली. किल्लीवरून चिडतात. प्रामाणिक. कधी रजा घेतली नाही. सर्वांशी आपुलकीचे संबंध. पुढील आयुष्य सुखसमृद्धीचे व आरोग्यदायी जावो ही ईश्वरचरणी प्रार्थना.

अशी यादी हातात आली की सगळ्यात सोपी वाट म्हणजे ओळींच्या मध्ये ‘तसेच’, ‘एवढेच नव्हे तर’ आणि ‘त्याचबरोबर’ घालणं. बहुतेक मसुद्यांचं तेच होतं. ते उभे राहतात, पण चालत नाहीत. या गड्याच्या अंगात जीव कुठे आहे ते पाहायला नानांचंच शस्त्र वापरलं. महसुलात सहा गठ्ठा पद्धत आहे. १९८० च्या दशकात अनिलकुमार लखिना अहमदनगरला जिल्हाधिकारी असताना कचेरीच्या कामाची जी शिस्त त्यांनी बसवली, ती राज्यभर लखिना पॅटर्न म्हणून ओळखली जाते आणि सहा गठ्ठे त्याच शिस्तीतले. बैठकीवरचे कागद वेगळे, ज्यावर दुसऱ्याकडून उत्तर यायचंय ते प्रतीक्षाधीन वेगळे, रेकॉर्डला पाठवायचे वेगळे, नष्ट करायचे वेगळे. मी ओळींचे गठ्ठे बांधायला बसलो. ‘ईश्वरचरणी प्रार्थना’ शेवटच्या गठ्ठ्यात गेली, तिच्याबरोबर ‘आपुलकीचे संबंध’ही. लगेच काम करता येईल अशा ओळी फार थोड्या निघाल्या. बाकी सगळा ढीग प्रतीक्षाधीन. ओळ खरी असेल, पण तिच्या मागे काय घडलं होतं ते तिच्यात नव्हतं. ते लिहिणाऱ्याकडून मागवायला हवं होतं.

या गड्याचा स्वभाव असा की त्याला विशेषणं पचत नाहीत. ‘मनमिळाऊ’ म्हटलं की तो तोंड मिटून बसतो, कारण ते पाच जणांपैकी कुणीही कुणाबद्दलही म्हणू शकतो. त्याला घडलेली गोष्ट लागते, आणि तीही पाहणाऱ्याच्या नजरेतून. म्हणून फोन करत सुटलो. फोनवर ‘नानांबद्दल काहीतरी सांगा’ असं विचारून काही हाती लागत नाही, पलीकडचा माणूस लगेच भाषण सुरू करतो. ‘छत गळालं तेव्हा किती वाजले होते?’ असं विचारावं. वेळ आठवायला गेला की माणूस त्या खोलीत जातो, आणि मग बाकीचं आपोआप येतं.

छताची ओळ लिहिली होती आमच्या शिपायानं. रात्रीचे नऊ-साडेनऊ झाले होते, असं तो म्हणाला. पाऊस दोन दिवस लागून राहिलेला. रेकॉर्ड रूमच्या उत्तरेच्या भिंतीतून पाणी यायला लागलं म्हणून यानं नानांना फोन केला आणि नाना स्कूटरवरून भिजत आले. आल्याबरोबर याने जवळचे बस्ते उचलायला घेतले, तर नाना ओरडले, ‘ते राहू दे! अ आधी!’ रेकॉर्डचे वर्ग असतात. अ वर्ग कायमचा जपायचा, ब तीस वर्षं, क वर्गाची मुदत त्याहून कमी, आणि ड वर्ग वर्षभरात नष्ट करायचा. जवळ होते ते ड वर्गाचे, भिजले तरी चालण्यासारखे. अ वर्ग पाण्यापासून लांब होता, पण पाणी तिकडे सरकत होतं. दोघांनी आधी तो हलवला, मग ब. उजाडेपर्यंत ड वर्गाचा बराचसा लगदा झाला आणि त्याबद्दल नानांना काडीचं दुःख झालं नाही. भिजलेले ब वर्गाचे कागद त्यांनी उन्हात टाकू दिले नाहीत. मीटिंग हॉलमध्ये सतरंज्यांवर पसरून, पंखा लावून, पानं एकेक सोडवून सावलीत वाळवले. उन्हात कागद कडक होतो, वेडावाकडा होतो, शाई उडते.

‘खूप मदत केली’ या तीन शब्दांत हे सगळं निपचित पडलेलं होतं.

खुर्दच्या फेरफाराचं तसंच. एका म्हातारीच्या नावाची जुनी नोंद काही केल्या सापडत नव्हती. तलाठी तीन-चार वेळा येऊन हात हलवत गेला. नाना त्याला म्हणाले, ‘खुर्दच्या बस्त्यात नसेल तर बुद्रुकच्या बघ. बांधणाऱ्यानं गावाचं नाव वाचलं असेल, पुढचं वाचलं नसेल.’ आणि खुर्दचा फेरफार बुद्रुकच्या बस्त्यात निघाला. हे ऐकून मी तलाठ्याला विचारलं की तुम्ही एवढंच लिहायचं सोडून ‘शोधून दिला’ का लिहिलंत? तो म्हणाला, ‘ग्रुपवर साहेब आहेत ना.’ यादीतल्या ओळी कोरड्या का असतात याचं हे एक कारण मला पटलं. त्या नानांसाठी लिहिलेल्याच नसतात, ग्रुपसाठी लिहिलेल्या असतात.

काही ओळी मात्र गड्याच्या अंगाला लावून चालत नाहीत. ‘पदोन्नती नाकारली’ ही ओळ ज्यानं लिहिली त्याला ती स्तुती वाटली होती: बघा, माणसाला मोह नाही. मी नानांच्या घरी फोन केला, कारण असल्या ओळीवर घरच्यांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये असं माझं मत आहे. वहिनी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘ते नका घेऊ, भाऊजी. सासूबाई अंथरुणाला खिळून होत्या म्हणून सोडली. त्यांना अजून लागतं ते.’ ओळ गेली. ‘कधी रजा घेतली नाही’ हीसुद्धा त्याच वाटेनं गेली. ऐकायला गौरवाची आहे, पण हॉलमध्ये पुढच्या रांगेत वहिनी आणि मुलं बसणार होती आणि न घेतलेल्या रजांचा हिशेब त्यांच्याकडे आमच्यापेक्षा जास्त होता.

कुणबी नोंदींची ओळ सगळ्यांत नाजूक. २०२३ च्या दिवाळीच्या सुमारास राज्यभर जुन्या दप्तरांतून १९६७ च्या आधीच्या कुणबी नोंदी शोधण्याचं काम निघालं. त्यातलं कितीतरी दप्तर मोडीत. तालुक्यात मोडी सराईतपणे वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यांतले एक नाना. ‘शेकडो नोंदी काढल्या’ हा आकडा कुणी मोजलेला नव्हता, म्हणून तो गेलाच. पण आकडा खरा असता तरी मी ठेवला नसता. हॉलमध्ये आरक्षणाच्या दोन्ही बाजूंची माणसं बसतात, एकाच टेबलावर डबा खातात, आणि निरोपाच्या दिवशी त्यांच्यातल्या कुणाचीही मान ताठ किंवा खाली होईल असं वाक्य या गड्यानं बोलू नये. मग उरलं काय? उरली आमची एक तरुण महसूल सहायक. त्या दिवसांत जेवणाच्या सुट्टीत नानांनी तिला मोडी शिकवली. पाठकोऱ्या कागदावर अक्षरं गिरवून घेतली. ती म्हणाली, ‘पहिल्या आठवड्यात मला सगळं एकाच तारेवर वाळत घातल्यासारखं दिसायचं. मग एक दिवस त्यातून एक नाव वाचता आलं. मी ओरडलेच.’ हे ठेवलं. यात कुणाची बाजू नाही.

एवढं झाल्यावर गोष्टी जमल्या, पण गड्याला कणा नव्हता. पाच जण पाच तऱ्हांचं बोलणार आणि ऐकणारा पाच वेळा नव्यानं सुरुवात करणार. कणा सापडला तो ‘साहेबांनासुद्धा नाही म्हणाले’ या ओळीत. ते साहेब म्हणजे पूर्वी इथे असलेले तहसीलदार, आता दुसऱ्या जिल्ह्यात. ही गोष्ट त्यांच्याबद्दल दुसऱ्या कुणी सांगणं शक्यच नव्हतं, म्हणून मी भीत भीत त्यांनाच फोन लावला. ते मोकळेपणानं हसले. एका संध्याकाळी त्यांना एक प्रकरण घरी न्यायचं होतं. नानांनी प्रकरण काढलं, टेबलावर ठेवलं आणि त्याच्यावर नोंदवही ठेवली. साहेब म्हणाले, ‘अहो, मी तहसीलदार आहे.’ नाना म्हणाले, ‘हो साहेब. म्हणून तर तारीख तुमच्या हातानं घाला.’

त्या नोंदवहीला रकाने आहेत: तारीख, गाव, प्रकरण, कशासाठी, नेणाऱ्याची सही, परत केल्याची तारीख, शेरा. कचेरीतल्या प्रत्येकानं कधी ना कधी त्या वहीत सही केलेली आहे. मग पाचही जणांनी तेच सांगायचं असं ठरवलं: रेकॉर्ड रूममधून मी काय नेलं आणि परत केलं की नाही. हे ठरल्याबरोबर गडी उठून बसला. कुणी कुणाच्या आधी बोलायचं, हा हुद्द्यांचा प्रश्नही त्यातून सुटला. वहीत हुद्द्याप्रमाणे नोंदी नसतात, जो आधी आला त्याची आधी. साहेबांना तिसऱ्या नंबरवर टाकताना मला जो धीर झाला तो त्या वहीमुळे.

पहिला खर्डा घड्याळ लावून मोठ्यानं वाचला तर पावणेसहा मिनिटं. मनातल्या मनात वाचून वेळ धरण्यात अर्थ नसतो, डोळा जिभेपेक्षा फार पुढे पळतो. सावकाश, कळेल असं बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द जातात. आणि कार्यक्रमात शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, सध्याच्या साहेबांचं भाषण, नानांचं उत्तर आणि चहा-बटाटेवडा यांच्या मधल्या फटीत, मे महिन्यात, पडदे लावून पंखे कमी केलेल्या हॉलमध्ये अडीच मिनिटांच्या वर कुणी टिकत नाही.

कापायला बसल्यावर गड्याचं बरंच खरं रूप कळलं. त्याला स्वतःची ओळख करून द्यायची फार हौस. ‘नमस्कार, मी अमुक, सध्या तमुक ठिकाणी कार्यरत असून, आज या प्रसंगी दोन शब्द बोलण्याची संधी मिळाली त्याबद्दल...’ एकेकाचे आठ-दहा सेकंद, पाच जणांचं मिळून पाऊण मिनिट. ते सगळं काढलं. नाव आणि हुद्दा पडद्यावर खाली अक्षरांत येईल, तोंडानं सांगायची गरज नाही. दुसरी खोड भूतकाळाची. ‘नाना फार शिस्तीचे होते’, ‘त्यांचा आवाज रेकॉर्ड रूममध्ये घुमायचा’ असं दोन-तीन वेळा आलं की ऐकणाऱ्याला उगाच फोटोला हार दिसायला लागतो. घडून गेलेली गोष्ट भूतकाळात राहिली, पण नानांचा स्वभाव आणि त्यांच्या सवयी वर्तमानात आणल्या. शिवाय ‘नाना हे’ असं त्यांच्याबद्दल बोलण्याऐवजी ‘नाना, तुम्ही’ असं त्यांच्याशी बोलायचं ठरवलं. हा बदल लहान दिसतो, पण त्यानं अर्ध्या तासात निम्मे शब्द गळाले, कारण ज्याला सगळं माहीत आहे त्याला रेकॉर्ड रूम म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

मग कागदाला उभी रेघ मारली. डावीकडे काय दिसणार, उजवीकडे काय ऐकू येणार. डावीकडे जे दिसतंय ते उजवीकडे बोलायचं नाही, एवढा एकच कायदा. शिपाई बोलत असताना डावीकडे उत्तरेची भिंत, तिच्यावरचा ओलीचा जुना डाग. म्हणून उजवीकडून ‘भिंतीतून पाणी आलं’ हे वाक्य गेलं. साहेब बोलतात तेव्हा डावीकडे वहीतलं ते पान, त्यांची सही. म्हणून त्यांनी ‘शेवटी मी सही केली’ असं म्हणायचं नाही. त्यांचं बोलणं ‘तारीख तुमच्या हातानं घाला’ इथे तुटतं आणि सही दिसते.

उजव्या बाजूचा सुरुवातीचा भाग शेवटी असा उतरला:

शिपाई: नाना, पावसाच्या रात्री मी ड वर्गाचे बस्ते उचलले होते. तुम्ही ओरडलात, अ आधी! तेव्हापासून घरात काही गडबड झाली की मी आधी विचारतो, यातलं अ काय? नेलं: एवढंच. परत: नाही करणार.

तलाठी: खुर्दचा फेरफार, बुद्रुकच्या बस्त्यातून. म्हातारी तुम्हाला कोंबडी द्यायला निघाली होती. तुम्ही म्हणालात, कोंबडीची नोंद कुठल्या रकान्यात करू? नेला: नक्कल काढायला. परत: त्याच दिवशी, चार वाजता.

पुढे साहेब, मग मोडी शिकलेली मुलगी. तिनं ‘नेलं: बाराखडी, परत: पुढच्याला शिकवून’ असं स्वतःच सुचवलं आणि ते माझ्या वाक्यापेक्षा चांगलं होतं. शेवटी भूकरमापक. यादीत तीन उद्गारचिन्हं घालून चटणी लिहिणारा तो हाच. नानांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी त्यानं एकदा डब्यासकट नेली होती आणि तालुक्यातून बदली झाली तरी डबा दिला नव्हता. त्याला शेवटी ठेवायचं कारण साधं: आधीच्या चौघांच्या बोलण्यानं गळा दाटायला लागलेला असतो आणि लगेच नंतर नानांना उठून बोलायचं असतं. मसुद्यानं माणसाला रडवून माईकपाशी पाठवू नये. शुभेच्छा कुठे आहेत, असं ग्रुपवर दोघांनी विचारलं. त्या सध्याच्या साहेबांच्या भाषणात येणार होत्याच, इथे त्यांना जागा नव्हती.

बोलणाऱ्यांना पूर्ण ओळी पाठवल्या नाहीत. समोर कागद असला की डोळे डावीकडून उजवीकडे फिरताना दिसतात आणि माणूस बातम्या दिल्यासारखा बोलतो. प्रत्येकाला त्याचीच गोष्ट थोडक्यात लिहून पाठवली, आणि फक्त शेवटचं वाक्य शब्दशः बोला असं सांगितलं. जोड शेवटच्या वाक्यावर असतो, तिथे शब्द हलले की पुढच्याची सुरुवात लटकते. बाकी सूचना नेहमीच्याच: मोबाईल आडवा धरा, खिडकी पाठीमागे नको, समोर हवी, पंखा बंद, बोलण्याआधी आणि नंतर तीन सेकंद गप्प राहा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा व्हिडिओ पाठवला तर तो दाबला जातो आणि मोठ्या पडद्यावर तोंडं पुसट होतात. इतकं सांगूनही एक व्हिडिओ उभा आला, धावत्या गाडीत काढलेला, वाऱ्याचा आवाज सगळा. कोणाचा ते सांगत नाही. पुन्हा मागवला आणि त्यांनी पुन्हा दिला.

रेकॉर्ड रूमची दृश्यं घ्यायला नाना बाहेर जायला हवे होते. पेन्शनच्या कागदांसाठी ते मंगळवारी कोषागारात गेले तेव्हा शिपायानं किल्ली आणली आणि आम्ही बस्ते, भिंत आणि नोंदवहीचं पान टिपून घेतलं.

बुधवारी संध्याकाळी नवाच पेच आला. आमच्या जीपचे ड्रायव्हरही १ जूनचेच. त्यांच्या बाजूच्या मंडळींना व्हिडिओचं कळलं आणि निरोप आला की वेळ कमी आहे, नानांचाच घ्या आणि नाव बदलून द्या. मी प्रयत्न केला, खोटं कशाला बोलू. पण गड्यानं एकही शब्द दिला नाही. अ वर्ग, बुद्रुक, नोंदवही, मोडी, काढायला गेलो की प्रत्येक ओळ उपटून यायची आणि मागे फक्त ‘नमस्कार’ उरायचा. मूळ यादीतल्या चौदा ओळींत नाव बदललं असतं तर दहा तरी ड्रायव्हरला जशाच्या तशा बसल्या असत्या. ड्रायव्हरांसाठी शेवटी जीपच्या लॉगबुकावरून दीड मिनिटाचा वेगळा लिहिला, तो इथे सांगत बसत नाही, पण रात्री अडीच वाजता पुराच्या गावी गाडी नेल्याची नोंद त्यांच्या अक्षरात मिळाली आणि काम झालं.

शुक्रवारी प्रोजेक्टर लागला, आवाज मात्र लॅपटॉपमधूनच यायला लागला, मागच्या रांगांना काही ऐकू येईना. मंडपवाल्याच्या स्पीकरची वायर शोधण्यात पाच मिनिटं गेली. मग चाललं. कोंबडीवर हसतील असं मला वाटलं होतं, तिथे हलकंच खसखसले. मोठा हशा पिकला तो साहेबांच्या सहीवर, कारण ती सही फार लफ्फेदार आहे आणि रकान्याच्या बाहेर दोन घरं गेली आहे. मोडी शिकलेल्या मुलीच्या वेळी वहिनींनी पदर तोंडाला लावला. चटणीनं त्यांना परत आणलं. भूकरमापकानं डबा पार्सलनं पाठवला होता, तो तेवढ्यात शिपायानं नानांच्या पुढ्यात ठेवला. हे मसुद्यात नव्हतं, ते त्या दोघांनी परस्पर ठरवलेलं.

नाना हसत होते, पण त्यांची नजर पडद्यावरून हलली नव्हती. दिवे लागल्यावर माईक हातात घेऊन त्यांनी पहिलं विचारलं, ‘रेकॉर्ड रूममध्ये कॅमेरा कुणी नेला?’

शिपाई माझ्याकडे बघायला लागला.

‘नोंद कुठाय?’

हॉल हसत होता. नाना हसत नव्हते. भाषण झाल्यावर, वडे खाऊन झाल्यावर ते मला हाताला धरून रेकॉर्ड रूममध्ये घेऊन गेले आणि वही उघडली. तारीख मंगळवारची घातली. प्रकरण: मोबाईल, एक. ‘कशासाठी’ या रकान्यात काय लिहू, असं मी विचारलं. नाना क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘लिहा, शासकीय कामाव्यतिरिक्त.’